'इकडं आणू नका'

गेल्या महिन्यात मंडळाने पालकांसाठी ठेवलेल्या बैठकीला 23 जण आले. त्याच हॉलमध्ये कोजागरीला मसाला दूध दोनदा आटवावे लागले होते, हे सभासदांना आठवत असेलच. विषय होता, मुलाने किंवा मुलीने 'माझं एकावर प्रेम आहे' असे सांगितले तर काय करायचे. काही ज्येष्ठांनी कळवले की मंडळाने गणपती-दिवाळी करावी, लोकांच्या घरात डोकावू नये. काही तरुण पालकांच्या मते हे पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते. दोन्ही बाजूंचा कार्यकारिणी आदर करते. तरीही बैठक का घेतली, हे सांगणे भाग आहे.

आपल्यातल्या एका कुटुंबाने नाव न छापण्याच्या अटीवर परवानगी दिली, म्हणून लिहितो. मंडळी मूळची बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. मुलगी सोळा वर्षांची. क्लासहून परतताना गाडीत तिने आईला सांगितले, वर्गातला एक मुलगा आवडतो, तीन महिने झाले. आईने घरी येईपर्यंत तोंड उघडले नाही. घरी वडिलांनी आधी मोबाइल काढून घेतला आणि मग निकाल दिला : पुढचे वर्ष केजला, आजीकडे. रात्री आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "इकडं आणू नका. इथं पोरीचं नुसतं नाव निघालं की पंधरा दिवसांत सोयरीक होती."

आजीने हे पाहिलेले आहे. दिवाळीच्या सुमारास बीडमधून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. वयात आलेली मुलगी मागे म्हाताऱ्यांपाशी ठेवायची की फडावर न्यायची, या घोराने आईबाप तिचे लग्न उरकतात. शिवाय नवी जोडी म्हणजे नवा कोयता, नवी उचल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या विशीतल्या, 20 ते 24 वयाच्या, दर 100 स्त्रियांपैकी 40 हून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. त्यामागे गरिबी आहे, पण 'मुलीचं काही कळलं तर' ही धास्तीही आहे. आपल्यापाशी तेवढी गरिबी नाही, धास्ती मात्र विमानातून बरोबर आली.

वडिलांच्या मनात लग्न नव्हते, हे आम्ही मानतो. पण मुलीने जे ऐकले ते हद्दपारीच. आणि कोणाच्या मनात तसे असेलच, तर फेब्रुवारी 2023 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अठराखालच्या मुलाचे लग्न लावण्याची खटपट हा गुन्हा आहे, बळजबरी असो वा नसो, लग्न भारतात लावले तरी.

आजीच्या फोननंतर वडिलांनी मोबाइल परत दिला आणि 'माझं चुकलं' म्हणाले. मुलगी आठवडाभर बोलली नाही. मग एका संध्याकाळी आईबरोबर भांडी पुसताना उरलेले बोलली : तो मुलगा तिच्याकडे 'तसले' फोटो मागत होता, तिने दिले नव्हते आणि नेमके हेच विचारायला तिने गाडीत विषय काढला होता. प्रेमाची बातमी हे बहुधा अर्धे वाक्य असते. पुढचे अर्धे ऐकायचे, तर पहिल्या दिवशी 'सांगितलंस, बरं केलंस' एवढेच म्हणून थांबावे.

बाकीचे प्रश्न नंतर, एकेक करून : त्याचे वय काय, तो काही मागतो का, नाही म्हटले तर काय करतो. या घरात पुढे ठरले ते असे : भेट दिवसा, घरी किंवा चारचौघांत; परत यायची वेळ नक्की; आणि ही गोष्ट मावशी-काकूंच्या ग्रुपवर जाणार नाही. हे शेवटचे आईने पाळले, ते सोपे नव्हते.

मात्र समोरचा वयाने बराच मोठा असेल, पासवर्ड मागत असेल, मैत्रिणी तोडायला लावत असेल, तर गुपित राखायचे वचन देऊ नये. अठराखालच्यांचे असे फोटो मागणे, पाठवणे वा जवळ ठेवणे इथे कायद्याविरुद्ध आहे, स्वतःचा फोटो असला तरी. तो पसरला तर शाळेला कळवावे. मुलाला आईबापांशी बोलवत नसेल, तर चाइल्डलाइनचा 0800 1111 हा मोफत क्रमांक त्याच्यासाठीच आहे.

पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला, त्याच हॉलमध्ये. या वेळी दोघांनीही यावे. गेल्या खेपेला 23 जणांत वडील चारच होते. मुलांसाठी शेजारच्या खोलीत कॅरम ठेवला आहे. चहा मंडळाचा, बटाटेवडे करणाऱ्यांनी चिटणीसांना गुरुवारपर्यंत कळवावे.