घरातली दुरुस्ती : पिनेजवळचा तपकिरी डाग



पूर्वी तुमची पत्रं यायची, आता पत्रासोबत फोटोही येतात. एका आठवड्यात आलेल्या दोन फोटोंबद्दल आज सांगणार आहे. एकाचं उत्तर एका ओळीत देता आलं. दुसऱ्यात बिघाड काय आहे हे ओळखता आलं, पण "तुम्ही हात लावू नका" असंच लिहावं लागलं. असं का, ते नीट समजून घ्या, कारण दुसरा फोटो उद्या तुमच्याही घरातला असू शकतो.

पहिला फोटो मिक्सरचा. भगिनी लिहितात, "इडलीचं पीठ वाटता वाटता एकदम बंद पडला. आवाज नाही, काही नाही." फोटो त्यांनी समोरून काढला होता. मी म्हटलं, प्लग काढा, भांडं उतरवा आणि मिक्सर उलटा करून बुडाचा फोटो पाठवा. त्यात लाल बटण बाहेर आलेलं स्पष्ट दिसत होतं. मोटरवर फार ताण आला की हे बटण उसळून प्रवाह तोडतं. पंधरा मिनिटं मिक्सर गार होऊ द्यायचा, प्लग बाहेरच ठेवून बटण दाबायचं, पीठ निम्मं काढून थोडं पाणी घालायचं आणि मग सुरू करायचा. मिक्सर चालू झाला. पुन्हा पुन्हा बटण उसळलं असतं तर मात्र तो दुकानात न्यायला सांगितलं असतं.

आता दुसरा फोटो. तो होता तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरचा. पत्रात होतं, "महिनाभर असं चाललंय, पाणी कधी कढत येतं, कधी गार. गीझरचा दिवा मधेच विझतो, पुन्हा लागतो. हे म्हणतात कॉइल गेलं, नवाच घेऊ. घ्यावा का?" सोबत गीझरचा फोटो, स्वच्छ पुसलेला, पांढराशुभ्र. त्यावरून काय कळणार? कॉइल गेलं की ते गेलंच, ते असं येऊनजाऊन करत नाही. दिवाच लागतो-विझतो म्हणजे गीझरपर्यंत वीजच तुटक पोचतेय, अशी शंका येते. म्हणून मी गीझर सोडून त्याच्या प्लगचे फोटो मागवले.

ते कसे काढायचे, हे आधी सांगते, कारण धोका तिथेच सुरू होतो. नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधी कधी बोर्डामागे फेज आणि न्यूट्रलच्या वायरी उलट जोडलेल्या असतात. तसं असलं तर बटण बंद असूनही सॉकेटमध्ये वीज असतेच. म्हणून गीझरची एमसीबी खाली पाडायची. ती कुठली हे ठाऊक नसेल तर सरळ घराचा मेन स्विच बंद करायचा. प्लग गार झाला की कोरड्या हातांनी, वायरीला न ओढता, प्लगलाच धरून बाहेर काढायचा. वितळून आत चिकटला असेल तर ओढाताण नको, मेन बंद ठेवूनच वायरमनला बोलवा. सुटला तर खिडकीपाशी नेऊन उजेडात फोटो काढा. फ्लॅश नको, कारण पितळेवर चकाकी येते आणि नेमका डाग लपतो. तीन फोटो हवेत: एक पिना आपल्याकडे करून, एक प्लगमधून निघणाऱ्या वायरीचा आणि एक सॉकेटच्या तोंडाचा, तोही जरा लांबून.

त्या भगिनींनी तिन्ही फोटो पाठवले आणि उत्तर समोर आलं. वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, स्वच्छ होती. खालच्या दोहोंपैकी एक लखलखीत, तर दुसरीच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी होऊन थोडं फुगलेलं. त्याच पिनेवर बारीक काळे खड्डे होते. सॉकेटच्याही त्याच भोकाभोवती तपकिरी वलय. वायर प्लगपाशी दोनेक इंच काळपट आणि कडक झालेली, पुढे मात्र जशीच्या तशी होती.

हे वाचायचं कसं? वायर मुळातच बारीक पडत असती तर ती सगळ्या लांबीभर तापून मऊ झाली असती. इथे ती फक्त प्लगपाशी भाजली आहे, म्हणजे उष्णता प्लगच्या बाजूने आली. एकच पिन भाजली, म्हणजे त्या एका पिनेची पकड ढिली आहे. आणि पिनेवरचे काळे खड्डे म्हणजे सॉकेटच्या आत ठिणग्या उडत होत्या. सॉकेटमध्ये पितळेच्या पट्ट्या पिनेला चिमट्यासारखं धरून ठेवतात. वर्षानुवर्षं तापून त्यांचा ताण जातो. मग पिन आत जाते, पण धरली जात नाही.

आता ह्यातला खरा घातक भाग. "एमसीबी तर एकदाही पडली नाही," असं त्या भगिनींनी लिहिलं होतं, आणि म्हणूनच घरात सगळे निर्धास्त होते. पण अशा बिघाडात एमसीबी पडतच नाही! तिचं काम एकच: ठरल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की तोडणं. ढिल्या पकडीत वीज जास्त वाहत नाही, नेहमीइतकीच वाहते, फक्त त्या एका जागी अडखळते. हा गीझर 3000 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 13 अँपियर ओढतो. त्या सांध्यात ओहमच्या दहाव्या भागाइतका अडथळा आला, तरी तिथे 17 वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, त्यावरून कल्पना करा. एवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या पोटात, रोज सकाळी! जितकं तापेल तितकी पट्टी सैल होते, आणि जितकी सैल तितकं जास्त तापतं. शेवट जळक्या वासावर थांबला तर नशीब.

काही घरांत आरसीसीबी बसवलेली असते. ती वीज गळून शरीरातून जाऊ लागली तर तोडते, शॉकपासून वाचवते. ही उष्णता तिलाही कळत नाही. इथे राखणदार आपणच, आपलं नाक आणि आपला हात. गीझर दहा मिनिटं वापरून झाला की बटण बंद करा, एमसीबी पाडा आणि कोरड्या हाताची मागची बाजू प्लगच्या प्लास्टिकला लावा. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल तर त्या दिवसापासून गीझर बंद, पाणी गॅसवर तापवायचं.

मी त्यांना विचारलं, प्लग पूर्वी कधी बदलला होता का? उत्तर आलं, "हो, दिवाळीत जळाला होता. भावजींनी नवा टॉप आणून बसवला." इथेच गोम आहे. टॉप नवा, पण सॉकेट तेच ढिलं. नव्या पिनेलाही तीच सैल पकड मिळाली आणि दोन-तीन महिन्यांत तीही भाजली. उलट केलं, सॉकेट नवं आणि खड्डे पडलेली पिन जुनी, तरी ती खडबडीत पिन नव्या पट्ट्या खराब करते. म्हणून दोन्ही एकाच वेळी, 16 अँपियरचे, बदलायचे. आणि काळी पडलेली वायर कापून टाकून, आतलं तांबं लखलखीत लागेल तिथून नवी जोडणी करायची. काळ्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळा, पकड बसत नाही.

हे सगळं कळल्यावर "मग मीच करते" असं म्हणायचा मोह होतो. इथे माझी रेघ पक्की आहे. भिंतीपासून सोडवून हातात घेता येईल ती वस्तू आपण पाहावी, पुसावी, तिचा फोटो काढावा. भिंतीला जे पक्कं बसलंय, म्हणजे सॉकेट, बोर्ड, गीझरची जोडणी, त्याचा एकही स्क्रू आपण काढायचा नाही. ते परवाना असलेल्या वायरमनचं काम. हातात टेस्टर आहे म्हणून धीर येतो, पण टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावरून वीज नाही असं ठरत नाही. तो खराब असू शकतो, आणि भर उजेडात त्याचा मंद दिवा दिसतही नाही.

आणि फोटोला जे कधीच दिसत नाही, ते शेवटी सांगते. सॉकेटला वरचं मोठं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं आपण धरून चालतो. वायरमनला बोलावताना "अर्थिंगही तपासून घ्या" एवढं वाक्य मी त्या भगिनींना लिहून दिलं होतं. त्याने सॉकेट बाहेर काढलं. भाजलेल्या बाजूचा स्क्रू ढिला होता, ते अपेक्षितच होतं. पण अर्थिंगच्या स्क्रूला वायरच नव्हती! बांधकामाच्या वेळीच कोणी ती जोडली नव्हती. गीझरच्या आत कुठे वीज गळाली असती, तर ती जमिनीकडे नेणारी वाटच नव्हती, आणि नळाखाली ओल्या अंगाने उभं राहणारं माणूस ती वाट झालं असतं. सगळं घर त्याच न्हाणीघरात इतकी वर्षं अंघोळ करत होतं.

वायरमनने अर्थिंगची वायर ओढली, सॉकेट आणि टॉप दोन्ही बदलले. गीझर जुनाच आहे, पाणी कढत येतं, दिवा विझत नाही. नव्या गीझरचे पैसे वाचले, ही त्यातली लहान गोष्ट.

तेव्हा येत्या रविवारी, एमसीबी पाडून, आपल्या गीझरचा प्लग काढून उजेडात एकदा पाहा. पिनेच्या मुळाशी तपकिरी छटा दिसली तर तो परत लावू नका. आणि वायरमन येईल तेव्हा अर्थिंगचं विचारायला विसरू नका.

पुढच्या खेपेस फ्रिजच्या दाराच्या रबराविषयी. फोटो पाठवाल तर दार उघडून, उजेडात काढलेला पाठवा.