दर्शनी हुंडी आणि निळी टिक

आज आठवणींबरोबर थोडं भांडणही आहे. भांडण मोबाइलशी नाही. मेसेज वाचला की दोन खुणा निळ्या होतात आणि त्या क्षणापासून आपण उत्तराचे देणेकरी होतो, हा जो नवा कायदा लोकांनी करून टाकलाय, त्याच्याशी आहे.

माझा एक शाळूसोबती पुण्यात असतो. बालाघाटला आम्ही एका बाकावर शिकलो. नोकरीत आमच्या बदल्या होत राहिल्या, तेव्हा त्याच्या पत्राला मी तीन आठवड्यांनी उत्तर दिलं तरी तो ते चवीनं वाचायचा. आता सकाळी सातला मेसेज येतो, साडेसातला नुसतं प्रश्नचिन्ह आणि आठला फोन. "अरे, वाचलंस ना? मग?"

सुरुवातीला मी कारणं देत बसलो, तिथेच फसलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हटलं, तर त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर पाठवला. टाइप करायला वेळ लागतो म्हटलं, तर बोलून मेसेज कसा पाठवायचा याचा व्हिडिओ आला. नेट जातं म्हटलं, तर म्हणे दुसरं सिम घे. त्याचं काय चुकलं? कारण सांगितलं की समोरचा उपाय सांगणारच. आणि खरं सांगायचं तर माझी कारणं अर्धवट खरी होती. मला सकाळी वाचायला, दुपारी मनात घोळवायला आणि संध्याकाळी लिहायला आवडतं, एवढंच खरं होतं. ते सोडून मी बाकी सगळं सांगितलं. वर दर वेळी "माफ कर, उशीर झाला" लिहायचो, म्हणजे कर्ज मीच कबूल करत होतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, निळी टिक बंदच करून टाका ना." होते ती, पण मग समोरच्यानं वाचलं की नाही हे आपल्यालाही दिसत नाही. आणि जुन्या मित्रापासून असं लपायचं म्हणजे आत बसून बँकेचं शटर अर्धं पाडण्यासारखं. त्याला कळलं असतं तर तो जास्त दुखावला असता.

शेवटी कॉमर्सची पदवी कामी आली. हुंडी दोन प्रकारची असते. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे मोजायचे. मुदती हुंडीचे पैसे ठरल्या दिवशी. मुदती हुंडीवाल्याला कोणी बुडवा म्हणत नाही, कारण तारीख कागदावर असते. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा तर आणखी उदार आहे. बिल स्वीकारायचं की नाही याचा विचार करायला त्यानं व्यापाऱ्याला ४८ तास दिलेत, सार्वजनिक सुट्या सोडून! पैशाच्या व्यवहाराला दोन दिवस आणि मैत्रीला अर्धा तास?

माझी चूक उशिराची नव्हती, मुदत न लिहिण्याची होती. मग मी त्याला एवढंच लिहिलं:

"भाऊ, तुझे मेसेज मी सकाळी वाचतो आणि उत्तर संध्याकाळी सातनंतर लिहितो. विचार करायचा असला तर दुसऱ्या दिवशी. मला असंच जमतं आणि असंच आवडतं. तातडीचं असेल तर सरळ फोन कर, मी उचलीन. निळी टिक दिसली की समज, तुझं पत्र हातात पडलं."

यात सबब नाही, माफी नाही, "तुला काय, तू रिकामा" असा टोमणाही नाही. तो टोमणा पहिल्या खर्ड्यात होता, बरं का. खोडला. कारण वहिनी गेल्यापासून तो फ्लॅटमध्ये एकटा असतो, आणि त्याला उत्तर नको असतं, पलीकडे कोणीतरी आहे एवढंच हवं असतं, हे मला लिहिता लिहिता उमगलं. म्हणून शेवटी आणखी एक ओळ जोडली, "रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन."

त्याचं उत्तर अर्थातच एका मिनिटात आलं, "ठीक." जरा घुश्शातलंच. दुसऱ्या दिवशी साडेसातला प्रश्नचिन्हही आलं. मी दिवसा हललो नाही, पण संध्याकाळी सातला बरोबर लिहिलं. ही वेळ मात्र पाळावीच लागते. एकदा नातवाच्या गडबडीत चुकली, तर पुढचे आठ दिवस पुन्हा प्रश्नचिन्हं. पत गेली की मुदतीला कोण विचारतो?

आणि परवा त्यानं विचारलं, "फ्लॅट विकून लेकीकडे राहायला जाऊ का?" सांगा, याला अंगठ्याचं चित्र पाठवू? वर्षभरापूर्वी मी घाईघाईत "जा की" लिहून मोकळा झालो असतो. या वेळी लिहिलं, "दोन दिवस दे." त्यानं दिले. प्रश्नचिन्ह आलं नाही.

आज रविवार. पावणेदहा झालेत, त्याला फोन लावायचाय. नॅरो गेजनं गोंदियाला जायचो, त्या आठवणी पुढच्या वेळी लिहितो. कमेंटना उत्तरं संध्याकाळी सातनंतर.