एका ‘पासून’मुळे होणारा घोळ

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. २०२४ मध्ये हेच इंग्रजीत सांगताना ‘पंचवीस वर्षांपासून’चे अनेकांनी ‘सिन्स ट्वेंटी फाइव्ह इयर्स’ केले असते. मराठीचा ‘पासून’ सुरुवात आणि कालावधी दोन्हींना चालतो. इंग्रजीत सुरुवातीला ‘सिन्स १९९९’, तर कालावधीला ‘फॉर ट्वेंटी फाइव्ह इयर्स’ लागते. जिल्हा आजही आहे, म्हणून या दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘इज’ नव्हे, ‘हॅज बीन’ हवे. ‘अगो’ मात्र घडून गेलेल्या घटनेसाठी, म्हणून साधा भूतकाळ: ‘गोंदिया बिकेम अ डिस्ट्रिक्ट ट्वेंटी फाइव्ह इयर्स अगो.’ ‘फॉर’लाही भूतकाळ चालतो, ‘ही लिव्ह्ड इन भंडारा फॉर टू इयर्स’ म्हणजे आता तो तिथे राहत नाही. त्यामुळे शाळेत शब्दांचे अर्थ घोकून घेण्याआधी ‘गोष्ट अजून चालू आहे की संपली?’ हे विचारायला शिकवले पाहिजे.