काटकोन दिसला म्हणजे काटकोन?

आमच्या बजाजनगरात संध्याकाळी सहाला फर्स्ट शिफ्टवाले घरी रुळलेले असतात. परवा त्याच सुमारास खालच्या मजल्यावरची नववीतली मुलगी भूमितीची वही घेऊन आली, आणि पाठोपाठ तिचे वडील. ते वाळूजला व्हीएमसी मशीन चालवतात. बापलेकीत वाद पेटला होता.

वाद एका सराव संचातल्या आकृतीवरून. त्रिकोण ABC, बाजू AB वर D, बाजू AC वर E, आणि D-E जोडणारी रेघ. कोन A 50 अंश, कोन ADE 65 अंश. प्रश्न एकच: कोन ACB किती?

पोरीने दोन ओळींत उत्तर काढलं होतं. DE आणि BC समांतर, म्हणून संगत कोनांनी B म्हणजे 65, आणि 180 मधून 50 व 65 गेले की C ही 65. उत्तरसूचीतही 65 च होतं. मी विचारलं, "समांतर कशावरून?" ती म्हणाली, "संगत कोन सारखे आहेत ना सर." सारखे कशावरून, तर रेषा समांतर आहेत म्हणून! प्रमेय आणि त्याचा व्यत्यास एकमेकांच्या खांद्यावर बसवले होते आणि जमिनीवर पाय कोणाचाच नव्हता. पक्षात, म्हणजे प्रश्नाने दिलेल्या माहितीत, समांतर हा शब्दच नाही आणि आकृतीत रेघांवर बाणाच्या खुणाही नाहीत.

"पण दिसतंय की समांतर," वडील म्हणाले. "आमच्या ड्रॉइंगवर प्रत्येक कोपऱ्यात नव्वद कोण लिहीत बसतो? काटकोन दिसला की काटकोन."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. एल आकाराची साधी प्लेट घ्या. तिला सहा कोपरे, म्हणजे भूमितीच्या भाषेत तो षटकोनच. ड्रॉइंगवर लांब्या-रुंद्या असतात, कोन एकही लिहिलेला नसतो. तरी मशीनवर पाच कोपरे नव्वदचे निघतात आणि आतला खाचेचा 270 चा. पाच नव्वद 450, त्यात 270, झाले 720. षटकोनाच्या आंतरकोनांची बेरीज (6 − 2) × 180 एवढीच येते, म्हणजे हिशेब चोख. मात्र तिथे नव्वद धरायचे ते डोळ्यांच्या भरवशावर नाही. काटकोनात काढलेल्या रेघांवर काही लिहिलं नसेल तर 90 समजावं, हा ड्रॉइंगचा ठरलेला संकेत आहे, आणि कोन किती चुकला तर चालेल हे जनरल टॉलरन्स सांगतो. त्याच कागदावर बहुधा "डू नॉट स्केल" असंही छापलेलं असतं. कागदावर पट्टी लावून माप काढलं तर सुपरवायझर काय म्हणेल, हे मी त्या गृहस्थांना विचारलं. ते हसले.

वहीतल्या भूमितीत तो संकेत नाही. तीच एल प्लेट पेपरात बिनखुणांची आली तर सहा कोनांची बेरीज 720, याच्या पुढे एक अक्षर लिहिता येत नाही. आकृतीवरून घ्यायचं ते एवढंच: कोणता बिंदू कोणत्या रेषेवर, कोण कोणाच्या मधे. तेही आपलं पुस्तक पुष्कळदा A-D-B असं लिहून देतं.

मग खातरजमा कशी करायची? दिलेलं सगळं तसंच ठेवून आकृती मुद्दाम वाकडी काढायची. मी वहीच्या मागच्या पानावर 50 चा कोन काढला, 65 राखून DE ओढली, आणि खालची BC तिरकी केली, इतकी की B झाला 80. C आपोआप 50 वर आला. पक्षातलं काहीच मोडलं नाही, उत्तर मात्र बदललं. वडिलांनी पेन घेऊन B 100 केला, तर C 30. उत्तर असं हलायला लागलं की समजावं, आपण पदरचं काहीतरी घातलंय.

याचा अर्थ न लिहिलेलं सगळंच टाकून द्यायचं असाही नाही, आणि इथे मुलं उलट्या बाजूने घाबरतात. याच आकृतीत AED हा कोन 65 निघतो, कारण 180 मधून 50 आणि 65 गेले. दोन कोन सारखे, म्हणून AD आणि AE सारख्या. दोन्ही कुठे लिहिलेलं नाही, पण BC कितीही हलवा, हे हलत नाही. B आणि C ची बेरीज 130, हेही पक्कं. फक्त त्या 130 ची वाटणी प्रश्नकर्त्याने आपल्याकडेच ठेवली. DE ∥ BC एवढं छापायचं तो विसरला, आणि उत्तरसूची करताना त्यानेही आकृतीकडेच पाहिलं असणार.

मी तिला लिहायला सांगितलं: रेख DE ∥ रेख BC दिलेले नाही; ते मानल्यास कोन ACB = 65 अंश, अन्यथा कोन B + कोन C = 130 अंश एवढेच.

तिने लिहिलं. मग पेन चावत विचारलं, "सर, याला मार्क किती देतील?"