पायाळू

आमच्या गावाकडे पायाळू माणसाला मोठा मान असे. कुणाच्या पाठीत उसण भरली, की त्याच्याकडून हलकीशी लाथ मारून घ्यायची, म्हणजे उसण पळालीच! लहानपणी मला त्याचे फार कौतुक वाटे. आता वाटते, जे पायाळू जगले त्यांना मान मिळाला. जे जन्मतानाच गेले, त्यांची आठवण कोणी ठेवली? बाळाचे डोके हा सर्वांत मोठा आणि कठीण भाग. तोच शेवटी यायचा राहिला आणि अडकला, तर हातात फार थोडा वेळ असतो.

हे सगळे आठवायचे कारण माझी नात. तिची ही पहिलीच खेप. ३६ व्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, तर बाळाचे डोके वर, बूड खाली, आणि दोन्ही पाय सरळ तोंडापाशी. डॉक्टरांनी लगेच सिझेरियनची तारीख दिली. घरात दोन तट पडले. एक म्हणे, "डॉक्टरांना कळत नाही का?" दुसरे म्हणे, "मालिशवाल्या बाईला बोलवा, ती पोट चोळून फिरवते." नातीने मला विचारले, "आजी, खरंच हाताने फिरवता येतं का गं?"

मला काय ठाऊक! पण शिक्षिकेची खोड, उत्तर येत नसेल तर शोधायचे. दुसऱ्या एका अनुभवी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "फिरवता येतं. पण घरी नाही, इथे."

त्यांनी आधी सगळे तपासले. वार खाली आलेली नाही ना, पाणी पुरेसे आहे ना, रक्तस्राव झालेला नाही ना, बाळ एकच आहे ना. यातले काही चुकत असेल, तर त्या हात लावणार नव्हत्या. छत्तिसावा आठवडाच का, तेही त्यांनी समजावले. त्याआधी बरीच बाळे आपणहून फिरतात. फार उशीर केला, तर बाळाला वळायला जागा उरत नाही. दुसरेपणाला मात्र पोट सैल असते, म्हणून ३७ व्या आठवड्यापर्यंत थांबता येते. पहिलटकरणीत शंभरात साधारण चाळीस बाळे फिरतात, पुढच्या खेपेला साठ.

ठरल्या दिवशी बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. मग गर्भाशय सैल पडावे म्हणून एक इंजेक्शन दिले. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने बाळाचे बूड ओटीतून वर उचलले, दुसऱ्या हाताने डोके पुढे लोटले, जणू बाळाला कोलांटी उडी मारायला लावायची. मधूनमधून सोनोग्राफीने ठोके पाहिले. काही मिनिटांचा खेळ. नातीने दात आवळले होते. दुखते, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि "थांबा म्हणालात की थांबेन," असेही. दोनदा प्रयत्न केला. बूड जरा सरकले आणि परत जागेवर! पाय सरळ असले की असे होते म्हणे. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही. पुन्हा ठोक्यांचा आलेख, आणि घरी.

पुढे ३९ व्या आठवड्यात सिझेरियन झाले. पणतू छान आहे.

आता लोक म्हणतात, "मग उपयोग काय झाला?" मला हा प्रश्नच पटत नाही. सिझेरियनवर माझा राग नाही. सन २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, अशा बाळांसाठी ठरवून केलेले सिझेरियन अधिक सुरक्षित आढळले. पण त्यानंतर पायाळू बाळंतपण करण्याचा हात बऱ्याच ठिकाणी गेला. म्हणूनच बाळ आधी फिरवून पाहणे जास्त मोलाचे ठरते. पोटावरचा व्रण पुढच्या खेपेला, वार व्रणाला चिकटली तर, महागात पडू शकतो. तो टाळण्याची शंभरात चाळीस संधी असेल, तर ती बाईला निदान सांगायला तर हवी!

आणि मालिशवाल्या बाईला माझा विरोध का? बाळाचे ठोके मंदावले, तर ते तिला कळणार कसे? वार सुटून आत रक्तस्राव झाला तर? दवाखान्यातसुद्धा दोनशेत एखादीला तातडीने सिझेरियन लागते. म्हणून तर शस्त्रक्रियेची खोली जवळ हवी. आईचे रक्त निगेटिव्ह असेल, तर नंतर वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. हात तोच, पण त्यामागे हे सगळे उभे असते.

नातीला तिच्या डॉक्टरांनी हा मार्ग सांगितलाच नव्हता. नको म्हणायचा हक्क तिचा होता, पण आधी विचारायला नको का?

पणतू पायाळू नाही, पोट फाडून आला. पण परवा माझी कंबर धरली, तेव्हा त्याचाच इवलासा पाय लावून घेतला!