उतू जाणारं भांडं

मैत्रिणींनो, आपल्याकडे दूध उतू गेलं की आपण धावत जाऊन गॅस बंद करतो आणि ओटा पुसता पुसता स्वतःवरच चिडतो. इथे चेन्नईत मात्र वर्षातून एक दिवस असा येतो, की सगळं घर चुलीभोवती उभं राहून दूध उतू जायची वाट पाहतं. तो दिवस पोंगलचा. आपण संक्रांतीचा तिळगूळ वाटतो त्याच सुमाराला, तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, नव्या तांदळाचा गोड भात सूर्याला दाखवायचा. भांड्याच्या गळ्याला ओल्या हळदीचं पानांसकट रोप बांधायचं, बाजूला ऊस उभे करायचे आणि दूध काठावरून ओघळलं की सगळ्यांनी मिळून ‘पोंगलो पोंगल!’ म्हणून ओरडायचं. पोंगल या शब्दाचा अर्थच मुळी उतू जाणं. ते उतू गेलं म्हणजे वर्ष भरभराटीचं.

हे सगळं सांगायचं कारण एक जाहिरात. डिसेंबर संपत आला, की इथे वर्तमानपत्राच्या घडीतून भांड्यांच्या कंपन्यांची रंगीत पत्रकं पडायला लागतात. सुगीची खास सवलत, जुना कुकर द्या नवा न्या, अमुक घेतल्यास तमुक मोफत. गेल्या वर्षीच्या एका पत्रकावर पितळेच्या मोठ्या पोंगल-भांड्याचं चित्र होतं आणि खाली तमिळमध्ये ठळक ओळ होती. तिचा अर्थ साधारण असा: ‘भांडं मोठं, भरभराट मोठी!’ ७ लिटरचं भांडं ३,६०० रुपये आणि त्यावर ६०० रुपयांची कढई मोफत. ३ लिटरचं भांडं १,९०० रुपये, त्यावर काही नाही.

आमच्या शेजारच्या मामींच्या सुनेचा तो लग्नानंतरचा पहिला पोंगल होता. त्याला इथे ‘तलै पोंगल’ म्हणतात. आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने करतात, तसं इथे माहेरहून तांदूळ, गूळ, ऊस, हळद आणि भांडं येतं. तिच्या आईने ते पत्रक पाहिलं आणि लेकीच्या सासरी उणं दिसू नये म्हणून ७ लिटरचंच भांडं घेतलं. म्हणजे ६०० रुपयांच्या फुकट कढईसाठी बिचारीने १,७०० रुपये जास्त मोजले!

पोंगलच्या सकाळी मीही तिथे होते. सुनेने घरच्या सहा माणसांच्या हिशेबाने दूध-पाणी घातलं. उकळी आली, फेस वर चढला, भांड्याच्या पोटापर्यंत आला आणि बसला. पुन्हा चढला, पुन्हा बसला. जाळ वाढवला तरी तेच. शेवटी मामींच्या नणंदेने तोंड वाकडं करून म्हटलंच, “माहेरचं भांडं उतू जात नाही बाई!” ती पोर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. कारण दोष तिचा नव्हता, तिच्या माहेरचा नव्हता, आणि खरं म्हणजे भांड्याचाही नव्हता. दोष मापाचा होता, आणि ते माप जाहिरातीने धड सांगितलं नव्हतं.

दूध उतू का जातं, ते आधी पाहू. दूध तापलं की त्यातल्या स्निग्धांशाची आणि प्रथिनांची पातळ साय वर धरते. खालून वाफेचे बुडबुडे येतात, ते सायीखाली अडकतात आणि फेस वर चढतो. तांदूळ धुतलेल्या पाण्यात पिठूळपणा असतो, त्यामुळे फेस आणखी टिकतो. म्हणूनच इथल्या बायका पोंगलला तांदळाचं पहिलं पाणी टाकून देतात आणि दुसरं पाणी दुधात घालतात. पण हा फेस काही वाटेल तितका उंच चढत नाही. भांडं दोन तृतीयांश भरलेलं असेल आणि गळा अरुंद असेल, तर तो काठ गाठतो. भांडं तिसरा हिस्साच भरलेलं असेल, तर वाटेतच फुटून खाली बसतो.

आता हिशेब करा. सहा माणसांच्या गोड पोंगलला २०० मिलिलिटरच्या पेल्याने दीड पेला तांदूळ आणि अर्धा पेला भाजलेली मुगाची डाळ पुरते. हे मऊ शिजायला पाचपट पाणी हवं, म्हणजे अर्धा लिटर दूध आणि दीड लिटर पाणी, मिळून २ लिटर. ३ लिटरच्या भांड्यात हे बरोबर दोन तृतीयांश होतं. ७ लिटरच्या भांड्यात मात्र तिसरा हिस्साही भरत नाही. मग ते उतू जाईल कसं?

आणखी एक गोष्ट मी नंतर चष्मा लावून वाचली. पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही इंग्रजीत, लिहिलं होतं की मापं काठोकाठ भरल्यावरची आहेत. जाहिरात तमिळमध्ये आणि अट इंग्रजीत! फसव्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारने २०२२ साली नियम केले, त्यांत म्हटलं आहे की अशी टीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत हवी. दुकानात शंका आली, तर एक लिटरची पाण्याची बाटली मागून घ्यावी आणि भांडं मोजूनच पाहावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला कुकर होता. ‘दहा मिनिटांत पोंगल!’ आता तुम्हीच सांगा, झाकण घट्ट लावलेल्या कुकरात दूध उतू जाणार कसं? आणि ते जाऊही नये. उसळणारा फेस शिट्टीच्या भोकात अडकला तर वाफेची वाट बंद होते. म्हणून भात-डाळीसारख्या फेसाळणाऱ्या पदार्थांना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. कुकर वाईट असं मी म्हणत नाही. ताटातला तिखट-मिठाचा वेण पोंगल, म्हणजे मिरं-जिऱ्याची फोडणी दिलेली आपली मऊ खिचडीच, कुकरात सुरेख होतो. पण पूजेचं भांडं उघड्या तोंडाचंच हवं.

या वर्षी कोपऱ्यावरचे भांड्यांचे दुकानदार अण्णा नवं पत्रक घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, “टीचर, गेल्या वर्षी तीन बायका मोठी भांडी परत घेऊन भांडायला आल्या होत्या. यंदा काय लिहू, तेवढं सांगा.” मी, मामी आणि त्यांची सून, तिघी बसलो आणि दुकानातल्या फळ्यासाठी हा मजकूर तयार केला:

‘घरात माणसं किती? तेवढंच भांडं घ्या. सहा माणसांना ३ लिटर, दहांना ५ लिटर, पंधरांना ७ लिटर. ही मापं काठोकाठ भरल्यावरची आहेत. दूध-पाणी दोन तृतीयांश भरा, म्हणजे पोंगल उतू जाईल. पितळी भांड्याला आतून कल्हई केलेली आहे, दाखवून देऊ. कढई फक्त मोठ्या भांड्यावर मोफत. लहान भांडं पुरत असेल तर कढईसाठी मोठं घेऊ नका.’

शेवटची ओळ वाचून अण्णा जरा दचकले. पण मामी म्हणाल्या, “परत आलेलं भांडं पुन्हा नवं म्हणून विकाल का?” ते हसले. कंपनीची मोफत कढई त्यांना बदलता येत नव्हती, पण लहान भांड्यावर आपल्या नफ्यातले दीडशे रुपये त्यांनी कमी केले आणि तेही फळ्यावर लिहिलं. कल्हईची ओळ सुनेने घालायला लावली. बिनकल्हईच्या पितळेत दूध-गूळ शिजवला तर तो कळकतो, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. शोभेच्या काही भांड्यांना बाहेरून चकचकीत लाखेचा थर असतो, तीही चुलीवर चढवायची नसतात.

आता त्या ७ लिटरच्या भांड्याचं काय झालं, ते सांगते. या पोंगलला मामींनी ते मुद्दाम बाहेर काढलं आणि आमच्या मजल्यावरची तिन्ही घरं जेवायला बोलावली. माणसं पंधरा. सव्वा लिटर दूध आणि पावणेचार लिटर तांदळाचं पाणी, म्हणजे ५ लिटर. फेस गळ्याशी आला, एक क्षण थांबला आणि चारी बाजूंनी ओघळला! मुलांच्या ओरडण्याने जिना दणाणला. सुनेने लगेच आच मंद केली आणि वाकून बर्नर पाहिला, कारण उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. तुम्हीही हे विसरू नका.

मग धुतलेले पावणेचार पेले तांदूळ आणि सव्वा पेला डाळ त्यात गेली. दाणा बोटात पुरता चेपला गेल्यावरच किलोभर गुळाचा गाळलेला पाक घातला. गूळ आधी पडला की तांदूळ कडक राहतो, मग कितीही शिजवा. पाक थोडा निववून आणि आच मंद ठेवून घातला, म्हणजे दूध फाटायची भीती कमी. शेवटी तुपात तळलेले काजू-बेदाणे आणि वेलची. मामींच्या नणंदेने दोनदा मागून घेतला आणि म्हणाल्या, “भांडं चांगलं जड आहे हो.” सून माझ्याकडे पाहून हसली.

आपल्याकडे रथसप्तमीला अंगणात गोवरीच्या विस्तवावर बोळक्यात दूध उतू घालतात, ते आठवा. बोळकं मुठीएवढं, पण काठापर्यंत भरलेलं. म्हणूनच ते कधी चुकत नाही. यंदा तुमच्या गावातही सणाचं पत्रक येईल. चित्र पाहून झालं की तळाची बारीक ओळ वाचा, घरातली माणसं मोजा आणि मगच पर्स उघडा.