बारा जण, तीन टेस्ट आणि एक बहुरूपी

गेल्या शनिवारी घरी, म्हणजे संभाजीनगरला गेलो होतो. (आमच्या घरात अजून 'औरंगाबाद'च तोंडात बसलंय, असो.) दुपारची झोप काढायचा बेत होता, पण मामेबहीण लॅपटॉप घेऊन हजर. एम.ए. सायकॉलॉजीचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता. "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, जरा आकडे बघ." आपल्याकडे कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्तीपासून स्टॅटिस्टिक्सपर्यंत सगळं आलं!

विषय मात्र मस्त होता. वाळूज एमआयडीसीत नाइट शिफ्ट करणारे १२ जण आणि फक्त डे शिफ्टवाले १२ जण. प्रत्येकाला ट्रेल मेकिंग टेस्टचा 'बी' भाग दिलेला. कागदावर २५ वर्तुळं विखुरलेली असतात, १ ते १३ आकडे आणि ए ते एल अक्षरं. १-ए-२-बी-३-सी अशी आलटून पालटून रेघ ओढायची आणि लागलेले सेकंद मोजायचे. मेंदू एका नियमावरून दुसऱ्या नियमावर किती पटकन उडी मारतो ते यातून कळतं. (मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला ए-बी-सी-डीचा क्रम तितका सवयीचा नसतो, म्हणून दोन्ही गटांचं शिक्षण सारखं आहे ना, हे मी आधी विचारलं. होतं.)

खाली दिलेले आकडे तिचे नाहीत बरं का, मी उदाहरणासाठी बनवलेत. गोष्ट मात्र तीच आहे. नाइटवाल्यांची सरासरी ९८ सेकंद, प्रमाण विचलन २८. डेवाल्यांची ७५, विचलन २२.

यावर तिने टी-टेस्ट केली होती. मग अनोव्हा केली होती. मग शिफ्टला ० आणि १ असे आकडे देऊन कोरिलेशनसुद्धा! आणि लिहिलं होतं, "तिन्ही चाचण्यांनी निष्कर्षाला दुजोरा दिला."

मी विचारलं, "तिन्ही का केल्यास?"

"सर म्हणाले, सगळ्या लावा, जी येईल ती ठेवा."

आता गंमत बघा. टी आली २.२४. अनोव्हाचा F आला ५.०१, म्हणजे बरोबर टीचा वर्ग. कोरिलेशन आलं ०.४३. आणि पी व्हॅल्यू तिन्हीकडे एकच, ०.०३६. हे तीन साक्षीदार नाहीत हो, एकच बहुरूपी तीन वेषांत दारात आलाय! दोनच गट असले की या तिन्ही चाचण्या आतून एकच गणित करतात. एकाच माणसाची साक्ष तीनदा नोंदवली म्हणून खटला मजबूत होत नाही.

मग निवड कशी करायची? माझ्या मते टेस्टच्या नावाकडे आधी बघूच नये, आपल्याकडच्या रकान्यांकडे बघावं. एका बाजूला सेकंद आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळे गट असतील तर टी-टेस्ट, आणि विचलनं सारखी नसतील म्हणून वेल्चची. गट खरोखरच तीन असतील (डे, फिरती, कायम नाइट) तर अनोव्हा. दोन्हीकडे मोजलेले आकडे असतील तर कोरिलेशन. आणि तीच माणसं शिफ्टच्या आधी आणि नंतर तपासली असतील तर जोडीची टी-टेस्ट, कारण तिथे प्रत्येक माणूस स्वतःशीच तुलना करतो.

खरा घोळ पुढच्या पानावर होता. नाइटवाल्या १२ जणांना किती वर्षं नाइट करताय हे विचारलेलं. मोजलेला आकडा होता, सरळ कोरिलेशनचं काम. पण तिने वर्षांचे तुकडे पाडून कमी, मध्यम, जास्त असे चार-चार जणांचे तीन गट केले आणि अनोव्हा लावली. पी आली ०.३७. ईटा-स्क्वेअर्ड ०.२०. कोहेनच्या मापाने ०.१४ च्या वर 'मोठा', म्हणून वाक्य असं: "परिणाम मोठा आहे, पण नमुना लहान असल्याने सिग्निफिकन्स आला नाही."

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की खरंच वाटायला लागलं होतं. तिला म्हटलं, थांब, आपण काहीच परिणाम नसलेला डेटा बनवू. बारा निव्वळ यादृच्छिक आकडे, चार-चारचे तीन गट, दहा हजार वेळा.

```r
x <- replicate(10000, {
  g <- gl(3, 4); y <- rnorm(12)
  s <- anova(lm(y ~ g))$"Sum Sq"
  s[1] / sum(s)
})
mean(x)
```

उत्तर ०.१८ च्या आसपास. म्हणजे शून्य परिणाम असताना, केवळ योगायोगाने, सरासरी ईटा-स्क्वेअर्ड 'मोठा' येतो! कागदावरही तेच निघतं: गटांतून एक वजा, भागिले माणसांतून एक वजा, म्हणजे २/११. तिचा ०.२० त्या कचऱ्याच्या पातळीहून जेमतेम वर. हा फुगवटा काढणारं ओमेगा-स्क्वेअर्ड नावाचं माप आहे, ते आलं ०.०२. मोठा परिणाम भुर्रकन उडाला. बाई दोन मिनिटं काही बोलली नाही.

तुकडे न पाडता वर्षं आणि सेकंद यांचं कोरिलेशन काढलं तर ०.५० आलं. ऐकायला झकास. पण बारा माणसांवर त्याचं ९५ टक्के विश्वासांतर −०.१० ते ०.८३. म्हणजे संबंध घट्ट असू शकतो, किंवा मुळीच नसूही शकतो. शिवाय जास्त वर्षं नाइट केलेला माणूस वयानेही मोठा, आणि वयाबरोबर ही टेस्ट हळू होतेच. बारा जणांत हे दोन धागे सुटे करायला जागाच नाही. आलेखात एक काका २०० सेकंदांवर बसलेले असले तर एकटेच कोरिलेशन ओढून नेतात, म्हणून बाराही ठिपके छापायला लावले.

पहिल्या निकालाचंही तेच. कोहेनचा डी ०.९१. लहान नमुन्यात तोही थोडा फुगतो, म्हणून हेजेसची दुरुस्ती लावली तर जी ०.८८. याला 'मोठा' म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण अंतर आहे साधारण ०.१ ते १.७, नगण्यपासून प्रचंडपर्यंत. स्वतः कोहेनने ०.२, ०.५, ०.८ हे आकडे दुसरं काही हाताशी नसेल तेव्हापुरते दिले होते. आपण मात्र त्यांची मार्कशीट केली. मला विचाराल तर सेकंदच जास्त बोलके आहेत, ते आधी लिहावेत.

शेवटी प्रबंधात हे गेलं: "नाइट शिफ्टच्या गटाला सरासरी २३ सेकंद जास्त लागले (९५ टक्के विश्वासांतर २ ते ४४ सेकंद), वेल्च टी २.२४, स्वातंत्र्यांश २०.८, पी ०.०३६, हेजेसचा जी ०.८८ (०.१ ते १.७). नाइटची वर्षं व वेळ यांचं कोरिलेशन ०.५० (−०.१० ते ०.८३), वयाचा परिणाम वेगळा करता आलेला नाही."

"एवढंच? चार पानं कमी झाली की दादा."

"मग त्या जागी ठिपक्यांचे आलेख टाक."

तिने टाकले. रात्री फोन आला, सरांनी विचारलंय, अनोव्हा कुठे गेली?